धर्म, कर्म आणि परिणामवाद: तौलनिक निबंध कसा लिहावा? कौशिकाच्या कथेच्या आधारे एक मार्गदर्शन

तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत आणि त्याबाहेरही या विषयावरचे बहुतेक निबंध एकाच साच्यातून निघतात. एका बाजूला ‘कर्मण्येवाधिकारस्ते’, म्हणजे भारतीय विचार फळाकडे पाहत नाही. दुसऱ्या बाजूला बेंथम आणि मिल हे इंग्रज तत्त्वज्ञ, म्हणजे पाश्चात्त्य विचार फक्त फळाकडे पाहतो. शेवटी दोन्हींचा समन्वय साधावा, अशी एक ओळ. मला या साच्याचा राग येतो, कारण त्यातले पहिलेच वाक्य चूक आहे आणि त्यावर रचलेले पुढचे सगळे त्यामुळे पोकळ ठरते. महाभारत परिणामांबद्दल सतत बोलते. ते कशासाठी बोलते आणि परिणामांना किती अधिकार देते, हा खरा प्रश्न आहे.

असा निबंध नेमका कसा उभा करायचा, ते इथे पायरीपायरीने मांडतो. त्यासाठी एकच कथा घेतली आहे, कर्णपर्वातली कौशिकाची. तिच्यात हा सगळा वाद इतका दाटून आला आहे की दुसरीकडे जायची फारशी गरज पडत नाही.

पहिली पायरी: प्रश्न लहान करा

‘भारतीय नीतिविचार आणि परिणामवाद’ हा निबंधाचा विषय होऊ शकत नाही, तो ग्रंथमालेचा विषय आहे. मीमांसकांचा धर्म वेगळा, बौद्धांचे कर्म वेगळे, जैनांचे त्याहून वेगळे. बुद्धाने चेतनेला, म्हणजे हेतूला, कर्म म्हटले. जैनांना कर्म हे जीवाला चिकटणारे सूक्ष्म द्रव्य वाटते. ‘भारतीय मत असे आहे’ असे वाक्य लिहिलेत की यांपैकी कुणी ना कुणी उठून नाही म्हणणार.

म्हणून एक ग्रंथ, एक प्रसंग आणि एक प्रश्न निवडा. आपला प्रश्न असा ठेवू: महाभारतात कृष्ण जेव्हा एखादे कृत्य त्याच्या भयंकर परिणामामुळे चूक ठरवतो, तेव्हा तो परिणामवादी असतो का? याचे उत्तर हो, नाही किंवा ‘काही अंशी’ असे देता येते आणि प्रत्येक उत्तराला पुरावा मागता येतो. आपला प्रश्न पुरेसा लहान झाला आहे का, हे ओळखायचे असेल तर त्याचे चुकीचे उत्तर कसे दिसेल ते एका वाक्यात लिहून पाहा. ते लिहिता आले नाही, तर प्रश्न अजून धूसर आहे.

दुसरी पायरी: दोन्ही बाजू कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतात ते पाहा

बहुसंख्य निबंध इथे घसरतात. परिणामवाद हा निकष आहे. कृत्य योग्य कशामुळे ठरते, तर त्यातून जगाची जी स्थिती निर्माण होते तिच्या चांगल्या-वाईटपणामुळे, असे तो सांगतो. त्याचे सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे उपयुक्ततावाद, म्हणजे जास्तीत जास्त सुख देणारे कृत्य योग्य मानणारे मत. बेंथमचा ग्रंथ 1789चा, मिलचे लेख 1861चे, सिज्विकचा ग्रंथ 1874चा. परिणामवाद हे नाव मात्र बरेच नंतरचे आहे. एलिझाबेथ अ‍ॅन्सकोम यांनी 1958 साली एका टीकालेखात ते वापरले. निबंधात हे सांगणे उपयोगाचे असते, कारण त्यामुळे उपयुक्ततावाद आणि परिणामवाद ही एकाच गोष्टीची दोन नावे नाहीत, हे आपोआप येते. सुख हेच एकमेव मोल न मानणाराही परिणामवादी असू शकतो.

या हिशेबाच्या रूढ रूपाची एक अट असते. त्यात प्रत्येकाला सारखेच वजन मिळते आणि करणारा कोण आहे याने फरक पडत नाही. माझ्या हातून एक माणूस मरणे आणि तुमच्या हातून एक माणूस मरणे, हिशेबात दोन्ही सारखेच.

कर्मसिद्धांत बहुतेक वेळा निकष सांगतच नाही. तो जगाचा एक नियम सांगतो: केलेल्या कृत्याचे फळ कर्त्याला भोगावे लागते. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य म्हणतो की पुण्यकर्माने माणूस पुण्यवान होतो आणि पापकर्माने पापी. इथे क्रम नीट पाहा. कृत्य आधीच पुण्य किंवा पाप आहे, म्हणून फळ तसे येते. परिणामवादात हा क्रम नेमका उलटा आहे: फळ चांगले, म्हणून कृत्य योग्य. शिवाय कर्मफळ कर्त्याकडे परत येते, तर परिणामवादाचे फळ साऱ्या जगात पसरलेले असते. ‘कर्मसिद्धांत म्हणजे भारतीय परिणामवाद’ असे ज्यांनी लिहिले आहे, त्यांनी या दोन फरकांपैकी एक तरी नजरेआड केलेला असतो.

मग परिणामवादाच्या समोर ठेवायचे काय? तर धर्म. योग्य कृत्य कोणते, या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळते. वर्णाश्रमधर्म, राजधर्म, सत्य-अहिंसेसारखे सर्वांना लागू असणारे साधारण धर्म आणि संकटकाळापुरता लागू होणारा आपद्धर्म हे सगळे त्यात येते. यातला कोणता धर्म आपण बोलत आहोत ते निबंधात एकदाच स्पष्ट सांगा आणि पुढे चला. आपल्या कथेत प्रश्न सत्याचा आहे, म्हणजे साधारण धर्माचा.

तिसरी पायरी: उतारा त्याच्या प्रसंगासह वाचा

कौशिकाची कथा एकटी उचलून सांगितली की ती सहज परिणामवादी वाटते. प्रसंगात ठेवून वाचली की चित्र बदलते.

युद्धाचा सतरावा दिवस. कर्णाच्या बाणांनी जखमी झालेला युधिष्ठिर शिबिरात परतला आहे. अर्जुन आणि कृष्ण त्याला पाहायला येतात. कर्ण मेला असे समजून युधिष्ठिर आनंदतो आणि तो जिवंत आहे हे कळताच अर्जुनावर तुटून पडतो. बोलता बोलता म्हणतो, गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. अर्जुन तलवारीला हात घालतो, कारण त्याने मनोमन एक व्रत धरले आहे: गांडीव दुसऱ्याला दे असे जो म्हणेल त्याचे डोके उडवायचे. आता समोर थोरला भाऊ आहे. व्रत मोडले तर असत्य, पाळले तर भ्रातृवध.

इथे कृष्ण त्याला अडवतो आणि दोन गोष्टी सांगतो. पहिली बलाक नावाच्या व्याधाची. आंधळे आईवडील आणि बायकामुले यांच्या पोटासाठी शिकार करणारा हा माणूस, कुणाचा मत्सर न करणारा. एके दिवशी काहीच मिळेना, तेव्हा पाणी पीत असलेले एक जनावर त्याला दिसते. ते आंधळे आहे, वासावरच जगणारे आहे आणि असे जनावर त्याने पूर्वी कधी पाहिलेले नाही. तो त्याला मारतो आणि आकाशातून पुष्पवृष्टी होते, विमान येते, बलाक स्वर्गाला जातो. का, तर त्या जनावराने तप करून सर्व प्राण्यांचा नाश करण्याचा वर मिळवला होता आणि म्हणून ब्रह्मदेवाने त्याला आंधळे केले होते. बलाकाला यातले काहीही ठाऊक नव्हते.

दुसरी गोष्ट कौशिकाची. गावापासून फार दूर नसलेल्या नद्यांच्या संगमावर राहणारा हा ब्राह्मण तपस्वी आहे, पण फारसा बहुश्रुत नाही. नेहमी सत्यच बोलायचे हे त्याचे व्रत. दरोडेखोरांच्या भीतीने काही लोक पळत येऊन जवळच्या रानात लपतात. पाठोपाठ दरोडेखोर येतात आणि विचारतात, लोक कुठल्या वाटेने गेले? तू सत्य बोलणारा आहेस, सांग. कौशिक सांगतो: झाडे, वेली, झुडपे दाट असलेल्या त्या रानात. दरोडेखोर त्यांना गाठून मारतात. कौशिक नरकात जातो, कारण तो धर्माचे बारकावे न जाणणारा होता.

महाभारताच्या प्रचलित प्रतींत ही कथा कर्णपर्वाच्या 69व्या अध्यायात सापडते, तर पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत 49व्या अध्यायात. निबंधात संदर्भ देताना कोणती आवृत्ती वापरली ते जरूर लिहा, नाहीतर तपासणाऱ्याला श्लोक सापडणार नाही आणि त्याला तुमचा संदर्भच खोटा वाटेल.

चौथी पायरी: विरुद्ध बाजू आधी पूर्ण ताकदीने मांडा

आता परिणामवाद्याची बाजू घ्या आणि ती त्याच्याइतक्याच जोराने लिहा. त्याच्याकडे तीन भक्कम मुद्दे आहेत.

पहिला, बलाक आणि कौशिक यांच्या हेतूंकडे पाहा. कौशिकाचा हेतू शुद्ध होता, तरी तो नरकात गेला. बलाकाचा हेतू फक्त मांस मिळवण्याचा होता, तरी त्याला स्वर्ग मिळाला. दोघांत फरक कशाचा, तर एकाच्या कृत्याने माणसे मेली आणि दुसऱ्याच्या कृत्याने सगळे जीव वाचले. हा तर सरळसरळ परिणामांवरून दिलेला निकाल आहे.

दुसरा मुद्दा, याच संवादात कृष्ण धर्माची व्याख्या देतो. ‘धारणाद्धर्ममित्याहुः’, प्रजेला धरून ठेवतो, टिकवतो तो धर्म. प्राणिमात्राच्या भल्यासाठी धर्म सांगितला गेला, असेही तो म्हणतो. म्हणजे नियम कशासाठी, तर लोकांच्या कल्याणासाठी. परिणामवादाचा एक प्रकार नेमके हेच म्हणतो: जे नियम पाळल्याने एकंदर सर्वांत जास्त भले होईल ते योग्य नियम. त्याला नियमनिष्ठ परिणामवाद म्हणतात.

तिसरा मुद्दा तुलनेतून येतो. जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1797 साली एका छोट्या लेखात जवळजवळ हाच प्रसंग घेतला होता. खुनी दारात येऊन विचारतो की तुझा मित्र घरात आहे का. कांटचे उत्तर असे की तेव्हाही खोटे बोलता येणार नाही. कृष्णाने कौशिकाला मूर्ख ठरवले, म्हणजे कृष्ण कांटच्या बाजूला नाही हे पक्के. मग उरला तो परिणामवाद.

या तिसऱ्या मुद्द्यात एक फट आहे आणि ती विद्यार्थ्यांना सहसा दिसत नाही. कांटच्या बाजूला नाही म्हणजे परिणामवादाच्या बाजूला आहे, हे खरे धरायचे तर नीतीचे जग या दोनच खोल्यांचे असायला हवे. ते तसे नाही. पण पहिले दोन मुद्दे खरोखर जड आहेत आणि त्यांना उत्तर न देता पुढे गेलात तर निबंध तिथेच संपला असे समजा.

पाचवी पायरी: प्रसंगात एकच गोष्ट बदलून पाहा

दोन विचार एकाच निकालावर पोहोचले की त्यांची कारणे एकच आहेत की वेगळी, हे कळत नाही. त्यासाठी प्रसंगातली एक गोष्ट बदलायची, बाकी सगळे तसेच ठेवायचे आणि दोघांचे निकाल वेगळे होतात का ते पाहायचे. तुलनेचे खरे काम हेच आहे. बाकीचा निबंध या कामाच्या आजूबाजूला बांधायचा.

पहिला बदल असा करू. समजा ते लोक कौशिकाला न कळत त्या रानातून दुसरीकडे निघून गेले होते. कौशिकाने सांगितलेली जागा त्याच्या समजुतीप्रमाणे खरी, पण तिथे कुणी सापडले नाही. प्रत्यक्ष परिणाम मोजणाऱ्याच्या हिशेबात आता कौशिकाने काहीही चूक केलेले नाही. अपेक्षित परिणाम मोजणारा मात्र म्हणेल की चूक केली, कारण धोका होता. कृष्णाने कौशिकावर ठेवलेला ठपका पाहिला तर तो ‘माणसे मेली’ इथे थांबत नाही. कौशिकाला धर्मांतला भेद कळत नव्हता, सूक्ष्म धर्म त्याला ठाऊक नव्हता, असा तो ठपका आहे. माणसे वाचली असती तरी हे अज्ञान तसेच राहिले असते. या बदलाने थोडासा फरक दिसतो, पण अपेक्षित परिणामवादी अजून जागा सोडत नाही.

दुसरा बदल जास्त धारदार आहे, आणि तो आपण करायचीही गरज नाही. कथेनंतर कृष्ण स्वतःच तो करतो. तो म्हणतो, न बोलल्याने सुटका होत असेल तर मुळीच बोलू नये. बोलणे भागच पडले, किंवा गप्प राहण्याने त्यांना संशय येईल असे असेल, तर तिथे खोटे बोलणे श्रेयस्कर. शांतिपर्वातही हाच विचार पुन्हा येतो.

यातला क्रम नीट पाहा. समजा कौशिक गप्प राहिला तरी लोक वाचतात आणि खोटे बोलला तरी लोक वाचतात. कृत्यनिष्ठ परिणामवाद्याला, म्हणजे प्रत्येक कृत्याचा स्वतंत्र हिशेब करणाऱ्याला, हे दोन्ही मार्ग सारखेच आहेत. परिणाम सारखा, तर मोलही सारखे. कृष्णाला ते सारखे नाहीत. आधी मौन आणि ते अशक्य झाले तरच असत्य. म्हणजे असत्याला स्वतःचे असे एक वजन आहे. ते जीव वाचवण्यासाठी उचलता येते, पण ते शून्य होत नाही. निबंधाचा कणा इथे आहे. हा परिच्छेद घाईने लिहू नका.

नियमनिष्ठ परिणामवादी यावर म्हणेल, ‘आधी मौन, मग असत्य’ हाच नियम एकंदरीत सर्वांत हितकर आहे म्हणून तो योग्य. हे उत्तर चालण्यासारखे आहे आणि ते तसे आहे हे निबंधात मान्य करा. त्याला अडवायला पुढचा पुरावा लागतो.

सहावी पायरी: गोष्ट संपल्यावर काय होते ते वाचा

कौशिकाची कथा सांगून झाल्यावर अर्जुनाच्या व्रताचे काय झाले? बहुतेक निबंध इथपर्यंत येतच नाहीत. परिणामवादी सल्लागार असता तर त्याने सांगितले असते, युधिष्ठिराला मारण्याने अनर्थ होईल, व्रत सोडून दे, विषय संपला. कृष्ण तसे म्हणत नाही. तो व्रत पुरे करण्याची वाट शोधतो. थोरल्याला ‘तू’ म्हणून अपमानाने बोलणे हा त्याचा न मारता केलेला वध आहे, असे तो सांगतो. अर्जुन युधिष्ठिराला टाकून बोलतो. मग त्याला इतका पश्चात्ताप होतो की तो स्वतःलाच मारायला निघतो. तेव्हा कृष्ण म्हणतो, स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती करणे म्हणजे आत्महत्याच, ते कर. अर्जुन आपल्या पराक्रमाची बढाई मारतो. हे ऐकून दुखावलेला युधिष्ठिर वनात जायला निघतो आणि त्याची समजूत घालावी लागते.

वरवर हा शब्दच्छल वाटतो. पण नीतीच्या दृष्टीने पाहा. व्रताचा शब्द अर्जुनावर बंधनकारक आहे आणि भावाला मारणे निषिद्ध आहे. कृष्ण यांपैकी एकाला तराजूत हलके ठरवून फेकून देत नाही. दोन्हींचा मान राहील अशी कृती तो शोधतो. एक मागणी हरली तरी ती नाहीशी होत नाही. तिचे देणे कोणत्या तरी रूपात फेडावेच लागते. परिणामांच्या हिशेबात असे देणे उरत नाही. बेरीज झाली, मोठा आकडा निवडला, की लहान आकड्याला कुणी काही देणे लागत नाही.

हे एकाच प्रसंगावरून म्हणता येईल का, अशी शंका येईल. म्हणून दुसरा एक प्रसंग थोडक्यात जोडा. द्रोणाच्या वधासाठी युधिष्ठिर ‘अश्वत्थामा मेला’ म्हणतो आणि ‘हत्ती’ हा शब्द हळूच उच्चारतो. हे खोटेही कृष्णाच्या सांगण्यावरून बोललेले आणि तेही आपल्या सैन्याचे प्राण वाचवण्यासाठी. तरीही तोवर जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. शेवटी स्वर्गारोहणपर्वात त्याला थोडा वेळ नरक पाहावा लागतो आणि इंद्र कारण सांगतो: तू द्रोणाला कपटाने फसवलेस, म्हणून तुलाही कपटानेच नरक दाखवला. परिणाम हाच निकष असता, तर कौशिकाला जे करायला हवे होते तेच युधिष्ठिराने केले, मग ही शिक्षा कशाची? इथे दोन खोट्यांमधला फरकही लिहा. दरोडेखोराला कौशिकाच्या सत्यावर हक्क नव्हता. द्रोण हा गुरू होता आणि युधिष्ठिर खोटे बोलणार नाही या विश्वासानेच त्याने त्याला विचारले होते. नाते वेगळे, म्हणून देणेही वेगळे. करणारा कोण आणि समोरचा त्याचा कोण, हे धर्मात मोजले जाते.

सातवी पायरी: गीता आणि टिळक जपून वापरा

गीतेला टाळून हा निबंध मराठीत लिहिणे अवघड आहे. पण तिच्यातला एकच श्लोक घेऊन निकाल लावू नका. 2.47 मध्ये फळावर अधिकार नाही म्हटले आहे, हे खरे. पण 18.25 वाचा: ‘अनुबन्धं क्षयं हिंसामनपेक्ष्य च पौरुषम्’, म्हणजे पुढचे परिणाम, हानी, हिंसा आणि आपले सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म तामस. परिणामांचा विचार न करणे हा तर दोष ठरला. फळाची आसक्ती सोडणे एक आणि परिणामांचा विचार सोडणे दुसरे. या दोहोंत गल्लत झाली आहे का, हे तपासायला निबंधातल्या प्रत्येक ‘फळ’ शब्दाच्या जागी एकदा ‘स्वतःला मिळणारा लाभ’ आणि एकदा ‘जगावर होणारा परिणाम’ असे ठेवून वाक्य वाचा. दोन्ही वाचनांत वाक्य खरे राहत नसेल तर कोणता अर्थ घ्यायचा आहे ते लिहा.

अर्जुनाची बाजूही लक्षात घ्या. पहिल्या अध्यायात कुळाचा नाश, कुळधर्मांचा नाश असे परिणाम तो मोजतो. अमर्त्य सेन यांनी अर्जुनाच्या या चिंतेचे समर्थन केले आहे आणि तिच्यातून परिणामांचा एक व्यापक विचार उभा केला आहे. त्यात कृत्य कोणाच्या हातून घडले आणि समोर कोण होते, याही गोष्टी मोजल्या जातात. ही मांडणी मान्य केली तर आपण दाखवलेला बराचसा फरक परिणामवादाच्या पोटात जातो. हे लपवू नका. मग निबंधात असे म्हणता येईल की आपण धर्माचा फरक दाखवला तो बेंथम-सिज्विक परंपरेतल्या, सर्वांना एकाच मापाने मोजणाऱ्या परिणामवादाशी. सेन यांच्या व्यापक रूपाशी तो फरक पुसट होतो. आपल्या दाव्याची हद्द अशी आखून दिली की दावा उलट मजबूत होतो.

टिळकांचा उल्लेख मराठी निबंधात यायलाच हवा. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि 1915 साली प्रसिद्ध झालेले गीतारहस्य हा या तुलनेचा मराठीतला पहिला मोठा प्रयत्न. मिल, सिज्विक, कांट, ग्रीन यांना समोर ठेवून तो केला आहे. ‘आधिभौतिक सुखवाद’ या प्रकरणात ते अमेरिकेतल्या एका शहराचे उदाहरण देतात. ट्रामच्या कामाला लवकर परवानगी मिळावी म्हणून अधिकाऱ्यांना लाच दिली गेली. लोकांची तर सोयच झाली, पण म्हणून लाच योग्य ठरली का? बाहेरचा परिणाम पाहून नीती ठरत नाही, करणाऱ्याची बुद्धी पाहावी लागते, हा त्यांचा मुद्दा.

हा मुद्दा जसाच्या तसा उतरवण्याचा मोह होतो. थांबा आणि तो कौशिकावर लावून पाहा. कौशिकाची बुद्धी लोभी नव्हती, तो लाच घेणारा नव्हता, तरी तो नरकात गेला. बुद्धी म्हणजे फक्त शुद्ध हेतू असे घेतले तर टिळकांचा निकष या कथेत टिकत नाही. बुद्धीत धर्मांतला बारकावा ओळखण्याची समजही धरली तर टिकतो, कारण कौशिकाकडे नेमकी तीच नव्हती. मला दुसरे वाचन पटते. तुम्हाला पहिले पटले तरी हरकत नाही, पण निवड करा आणि कारण द्या. थोरांचे मत नुसते उद्धृत करून पुढे जाणे म्हणजे निबंध लिहिणे नव्हे.

आठवी पायरी: बलाकाला विसरू नका

आपल्या मताला न जुळणारा पुरावा म्हणजे बलाक. त्याला सूक्ष्म धर्म कळत होता असे कथा म्हणत नाही. त्याला स्वर्ग मिळाला तो त्याला ठाऊक नसलेल्या परिणामामुळेच, असे दिसते. हेतूला कर्म मानणाऱ्या बौद्ध मताशीही हे जुळत नाही. याला दोन उत्तरे देता येतात. एक असे, की बलाक आपला व्याधाचा व्यवहार आईवडिलांच्या पोषणासाठी, मत्सराविना करत होता हे कथा आवर्जून सांगते. तो स्वधर्मात होता आणि परिणामाने त्याचे फळ फक्त वाढवले. दुसरे उत्तर जास्त प्रामाणिक आहे: धर्म नुसत्या नियमावरून ओळखता येत नाही हे अर्जुनाला पटवण्यासाठी कृष्णाला एक धक्का द्यायचा होता. हिंसेने स्वर्ग आणि सत्याने नरक, ही जोडी त्या धक्क्यासाठी आहे. बलाकाकडे निकष म्हणून पाहिले तर तो परिणामवादाचाच साक्षीदार राहतो.

दोन्ही उत्तरे लिहा आणि पहिल्याने प्रश्न पुरता सुटत नाही हेही लिहा. बलाकाला गाळून लिहिलेला निबंध जाणकार वाचक एका नजरेत ओळखतो.

लिहिताना

2500 शब्दांचा निबंध असेल तर निम्म्याहून अधिक जागा पाचव्या आणि सहाव्या पायरीला द्या. परिणामवादाचा इतिहास एका परिच्छेदात आटोपा. कथा स्वतःच्या शब्दांत आणि थोडक्यात सांगा, पण मौन आणि असत्य यांचा क्रम, ‘तू’ म्हणण्याचा तोडगा आणि इंद्राचे उत्तर हे तीन तपशील गाळू नका, कारण युक्तिवाद त्यांच्यावरच उभा आहे. दावा पहिल्याच परिच्छेदात लिहा. उदाहरणार्थ: कौशिकाच्या कथेत परिणामांवरून नियमाची चूक उघड होते, पण कृत्य योग्य का ठरते याचे कारण परिणामांत नाही, ते कोण कोणाचे काय देणे लागतो यात आहे.

पूर्ण झाल्यावर निबंधातून सगळी संस्कृत अवतरणे काढून एकदा वाचा. युक्तिवाद तरीही उभा राहत असेल तर अवतरणे परत घाला. तो कोसळला, तर श्लोकांनी पुराव्याची जागा न भरता तर्काची जागा भरली होती, आणि तो तर्क तुम्हाला अजून लिहायचा आहे.